वीस आकडे, दहा माणसे

दहा रुग्ण, दोन झोपेची औषधे. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या रात्री दोन्ही औषधे देऊन पाहिली आणि औषध नसताना लागायची त्यापेक्षा किती तास जास्त झोप लागली, याची नोंद केली. प्रश्न असा, की दोन औषधांच्या परिणामात खरोखर फरक आहे का? परिकल्पना चाचणी शिकवताना हा गृहपाठ जगभर दिला जातो. मीही देते, आणि तपासायला घेतलेल्या वह्यांमध्ये दरवेळी दोन परस्परविरोधी उत्तरे असतात. दोन्हींमधले गणित बिनचूक असते, तरी त्यांतले एक उत्तर चूक असते. ते चूक का आणि तपासणाऱ्याने ते ओळखायचे कसे, हे समजले तर बातमीत वाचलेल्या संशोधनाकडेही वेगळ्या नजरेने बघता येते.

हे आकडे खरे आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामझू इथल्या मनोरुग्णालयात हा प्रयोग झाला आणि कुश्नी व पीबल्स या दोघांनी तो १९०५ साली प्रसिद्ध केला. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध लिहिला. थोड्याशा नोंदींवरून निष्कर्ष कसा काढायचा हे त्यात त्यांनी दाखवले आणि उदाहरण म्हणून हेच आकडे घेतले. आज आपण जिला टी-चाचणी म्हणतो तिचा उगम या निबंधात आहे. गॉसेट यांच्या तक्त्यात औषधांच्या नावांची गफलत झाली होती, म्हणून इथे ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ एवढेच म्हणू.

| रुग्ण | पहिले औषध (तास) | दुसरे औषध (तास) | फरक |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

उणे चिन्ह म्हणजे झोप कमी झाली. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. म्हणजे दुसरे औषध सरासरी १.५८ तासांनी, साधारण दीड तासाने पुढे. इथपर्यंत सगळ्या वह्या एकसारख्या असतात.

दोन वह्या, दोन निकाल

पहिल्या वहीत विद्यार्थ्याने दोन स्तंभ म्हणजे दोन स्वतंत्र गट मानले आहेत: पहिले औषध घेणारे दहा आणि दुसरे औषध घेणारे दहा. त्याने दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-चाचणी लावली. टी आला १.८६, पी-व्हॅल्यू आली ०.०७९. ती ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. शेवटी त्याने लिहिले, ‘दोन्ही औषधांत फरक नाही.’

दुसऱ्या वहीत विद्यार्थिनीने आधी प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा फरक काढला. तक्त्यातला शेवटचा स्तंभ तो हाच. मग त्या दहा फरकांची सरासरी शून्यापासून पुरेशी दूर आहे का, एवढेच तपासले. हिला जोडीची टी-चाचणी म्हणतात. टी आला ४.०६, पी-व्हॅल्यू ०.००२८, आणि शून्य परिकल्पना नाकारली गेली.

आकडे तेच आणि सरासरीतला फरकही तोच, दीड तासाचा. मग एका वहीत पुरावा इतका दुबळा आणि दुसरीत इतका भक्कम कसा?

टी म्हणजे एक भागाकार असतो. वर, अंशस्थानी, दिसलेला फरक. खाली, छेदस्थानी, तो फरक नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो याचा अंदाज. त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात. दोन्ही वह्यांत वर १.५८ च आहे. वेगळे आहे ते खालचे.

पहिल्या वहीत खालचा आकडा एका औषधाच्या दहा नोंदी आपापसांत किती विखुरल्या आहेत यावरून येतो, आणि त्या बऱ्याच विखुरल्या आहेत. सातव्या रुग्णाला पहिल्या औषधाने ३.७ तास जास्त झोप लागली, दुसऱ्या रुग्णाची मात्र १.६ तासांनी कमी झाली. या विखुरण्याचे मोठे कारण माणसामाणसांतला फरक हे आहे. कोणाला अशी औषधे लागू पडतात, कोणाला पडत नाहीत. सहावा आणि सातवा रुग्ण दोन्ही औषधांनी भरपूर झोपले, चौथा आणि पाचवा दोन्हींनी जेमतेम. पहिल्या औषधाच्या नोंदींचे प्रमाण विचलन १.७९ तास आहे आणि दुसऱ्याच्या नोंदींचे २.००. त्यावरून छेद येतो ०.८५, आणि १.५८ भागिले ०.८५ म्हणजे १.८६.

दुसऱ्या वहीत प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली आहे. सातव्या रुग्णाला अशी औषधे मुळातच जास्त लागू पडतात ही गोष्ट त्याच्या दोन्ही नोंदींत आहे, म्हणून वजाबाकी करताच ती निघून जाते. उरलेल्या दहा फरकांचे प्रमाण विचलन फक्त १.२३ तास आहे. दहाच्या वर्गमुळाने भागले की छेद मिळतो ०.३९, म्हणजे पहिल्या वहीतल्या छेदाच्या निम्म्याहून कमी. म्हणून टी ४.०६ येतो.

हे आकडे दोन्ही रीतींनी सोडवून दाखवण्याची कल्पना माझी नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आधी जोडीने हिशेब केला, मग ‘हे वेगवेगळे रुग्ण असते तर’ असे धरून पुन्हा केला, आणि तोच १.८६ त्यांना मिळाला. तेव्हा पहिल्या वहीतल्या विद्यार्थ्याने एका वेगळ्याच प्रयोगाचे बरोबर उत्तर लिहिले आहे. वीस वेगळी माणसे घेऊन केलेल्या प्रयोगाचे ते उत्तर आहे. आपल्याकडे माणसे दहाच होती.

चुकीची चाचणी ओळखायची कशी

वही हातात आली की नजर आधी पी-व्हॅल्यूवर जाते. तपासणाऱ्याने ती शेवटी पाहावी. माझी नजर आधी ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ या ओळीवर जाते, कारण चुकीची चाचणी तिथेच उघडी पडते. जोडीच्या चाचणीत हा आकडा जोड्यांपेक्षा एकने कमी, म्हणजे इथे ९ असतो. स्वतंत्र गटांच्या चाचणीत तो एकूण नोंदींपेक्षा दोनने कमी, म्हणजे १८ असतो. संगणकावर दोन गटांचे विखुरणे सारखे न धरता हिशेब केला, तर १७.८ सारखा अपूर्णांकही दिसतो. दहा माणसांच्या प्रयोगात १८ किंवा १७.८ दिसला की समजावे, दहा माणसांची वीस करून टाकली आहेत.

अडचण अशी की पुष्कळ मुले गृहपाठ एक्सेलमध्ये करतात, आणि एक्सेलचे सूत्र फक्त पी-व्हॅल्यू देते. टी नाही, डिग्रीज ऑफ फ्रीडम नाही. दोन वह्यांमधला सारा फरक सूत्राच्या शेवटच्या अंकात असतो:

```
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,2)
```

शेवटी 1 असेल तर जोडीची चाचणी होते. 2 असेल तर स्वतंत्र गटांची, विखुरणे सारखे धरून. 3 असेल तर स्वतंत्र गटांचीच, पण सारखे न धरता. पहिली ओळ ०.००२८ देते, दुसरी ०.०७९. एक्सेल कोणताही इशारा देत नाही, कारण दोन स्तंभांतल्या एका ओळीतले आकडे एकाच माणसाचे आहेत हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते प्रश्न वाचणाऱ्यालाच माहीत असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नियम घालून दिला आहे, की नुसती पी-व्हॅल्यू लिहायची नाही. सोबत टी, डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि एक वाक्य हवेच: नोंदी कोणाच्या आहेत आणि किती जणांच्या.

उलटी चूकही होते. दोन वेगवेगळ्या वर्गांचे गुण शेजारी-शेजारी लिहिलेले असतात, दोन्हींत मुले तीसच असतात, आणि विद्यार्थी जोडीची चाचणी लावून मोकळा होतो. स्तंभ सारख्या लांबीचे आहेत म्हणून जोड्या झाल्या, असे होत नाही. एका वर्गातला हजेरी क्रमांक पाच आणि दुसऱ्या वर्गातला हजेरी क्रमांक पाच यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. दुसरा स्तंभ मनातल्या मनात उलटसुलट करावा आणि विचारावे, काही माहिती हरवली का? दोन वर्गांच्या गुणांत काहीही हरवत नाही, यादीचा क्रम बदलला एवढेच. तिथे जोडी नव्हतीच. झोपेच्या तक्त्यात मात्र कोणाला किती फरक पडला हेच पुसले जाते. हे आकड्यांतही दिसते. दुसऱ्या औषधाचा स्तंभ खालून वर उलटा लिहिला तरी सरासरीचा फरक १.५८ च राहतो आणि स्वतंत्र गटांचा टीसुद्धा १.८६ च राहतो. जोडीचा टी मात्र ४.०६ वरून १.४० वर घसरतो आणि पी-व्हॅल्यू ०.२० च्या आसपास जाते. जोडीच्या चाचणीचे सगळे बळ कोणता आकडा कोणासमोर आहे यात आहे. जिथे हे ‘समोर असणे’ खरे नाही, तिथे ते बळही खोटे.

आणखी एक प्रकार तपासताना सापडतो आणि तो जास्त काळजीचा आहे. पहिल्या वहीतल्यासारखी पी-व्हॅल्यू ०.०७९ आली, की काही विद्यार्थी परत वर जाऊन पर्यायी परिकल्पना बदलतात. ‘दोन औषधांत फरक आहे’ खोडून ‘दुसरे औषध जास्त प्रभावी आहे’ असे लिहितात. चाचणी एकतर्फी झाली, पी-व्हॅल्यू निम्मी होऊन ०.०४० वर आली आणि निकाल सार्थ ठरला. एकतर्फी चाचणी गैर नाही, पण दिशा आकडे पाहण्याआधी ठरवावी लागते. आकडे पाहून दिशा निवडली, तर ज्या बाजूला कल दिसेल तीच आपण निवडणार. मग पाच टक्क्यांची म्हणून ठेवलेली चुकीची मर्यादा प्रत्यक्षात दहा टक्क्यांची होते. वहीत खाडाखोड असेल तर हे दिसते. नसेल तर प्रश्नाकडे पाहावे. प्रश्न नुसता ‘फरक आहे का’ असा असेल आणि उत्तर एकतर्फी असेल, तर दिशा कुठून आली हे विचारलेच पाहिजे.

पी-व्हॅल्यू नेमके काय सांगते

चाचणी बरोबर निवडली तरी शेवटचे वाक्य चुकू शकते. चांगल्या वह्यांतही सर्वांत जास्त चुका तिथेच सापडतात. त्या समजण्यासाठी ही पी-व्हॅल्यू येते कुठून ते पाहू. सुदैवाने या तक्त्यात सूत्राशिवाय ते पाहता येते.

फरकाचा स्तंभ पुन्हा वाचा. पाचव्या रुग्णाचा फरक शून्य आहे, त्याला बाजूला ठेवू. उरलेले नऊच्या नऊ फरक अधिक आहेत. आता क्षणभर धरून चालू की दोन्ही औषधे अगदी सारखी आहेत. हीच शून्य परिकल्पना. मग कोणत्या औषधाने जास्त झोप लागली हे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत निव्वळ योगायोग, नाणेफेकीसारखा. नऊ वेळा नाणे उडवले तर एकूण ५१२ प्रकारचे क्रम येऊ शकतात. त्यांत सगळे छापे येण्याचा क्रम एक, सगळे काटे येण्याचा एक. म्हणजे इतका एकतर्फी निकाल, कोणत्याही बाजूने, ५१२ मध्ये २ वेळा, ०.००३९ एवढ्या प्रमाणात दिसेल. ही चिन्ह चाचणीची पी-व्हॅल्यू झाली. टी-चाचणी नुसती चिन्हे न पाहता फरक किती मोठे आहेत हेही विचारात घेते, म्हणून तिचा आकडा थोडा वेगळा, ०.००२८ येतो. तर्क मात्र हाच.

या तर्काची सुरुवात लक्षात ठेवावी. ‘औषधे सारखी आहेत असे धरले तर’ इथून आपण निघालो. पी-व्हॅल्यू सांगते, की शून्य परिकल्पना खरी असती तर आपल्याला मिळाला इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसला असता. परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती, याबद्दल ती काहीच सांगत नाही. जी गोष्ट खरी धरून हिशेब सुरू केला, तिच्याच खरेपणाची शक्यता त्या हिशेबातून निघू शकत नाही.

तरीही दुसऱ्या वहीत, जिथे चाचणी बरोबर होती तिथे, शेवटी लिहिलेले असते: ‘दोन्ही औषधे सारखी असण्याची शक्यता फक्त ०.२८ टक्के आहे, म्हणून दुसरे औषध ९९.७ टक्के खात्रीने चांगले.’ हे वाक्य चूक आहे. तरी ते लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला एक मोठी सोबत आहे. गॉसेट यांनी स्वतः १९०८ च्या निबंधात याच आकड्यांवरून, दुसरे औषध जास्त चांगले असण्याची शक्यता ०.९९८५, म्हणजे ६६६ ला १, असे मांडले होते. त्या काळी शक्यतेचा विचार उलट दिशेने करण्याची, आकड्यांवरून कारणाची शक्यता काढण्याची, रीत रूढ होती. तसे करायचे तर प्रयोगाआधी कोणत्या शक्यतेला किती वजन द्यायचे हेही मांडावे लागते. ते वजन टी-चाचणीच्या हिशेबात कुठेच नाही.

त्या वजनाने किती फरक पडतो ते एका काल्पनिक हिशेबात पाहू. समजा, १,००० नव्या औषधांची चाचणी झाली आणि त्यांतली ९०० मुळात निरुपयोगी आहेत, १०० खरोखर गुणकारी. निरुपयोगी ९०० पैकी पाच टक्के, म्हणजे ४५ औषधे निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या खाली पी-व्हॅल्यू देतील. गुणकारी १०० पैकी प्रयोग बऱ्यापैकी मोठा असेल तर समजा ८० पकडली जातील. म्हणजे ‘सार्थ’ ठरलेली एकूण १२५, आणि त्यांतली ४५ निरुपयोगी. सार्थ निकालांपैकी ३६ टक्के निकाल चुकीचे ठरले. ज्याने ‘पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी म्हणजे चुकण्याची शक्यता पाच टक्के’ असे लिहिले असेल, त्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा. आधीच्या ९०० आणि १०० च्या जागी वेगळे आकडे घेतले की ३६ टक्केही बदलतात. पी-व्हॅल्यूची मर्यादा मात्र तीच राहते.

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूबद्दल एक निवेदन काढले आणि त्यातल्या सहा तत्त्वांपैकी एक यासाठीच दिले: पी-व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची शक्यता मोजत नाही.

‘फरक नाही’ हे वाक्य

आता पहिल्या वहीकडे परत येऊ. तिथे दोन चुका एकावर एक आहेत. चाचणी चुकीची होतीच, पण तीच बरोबर होती असे मानले तरीही ‘दोन्ही औषधांत फरक नाही’ हे शेवटचे वाक्य चूकच ठरते. ०.०७९ चा अर्थ एवढाच, की योगायोग नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही. पुरावा न मिळणे आणि फरक नसल्याचा पुरावा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे समजावण्यासाठी मी त्या विद्यार्थ्याला त्याच्याच पद्धतीने ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल काढायला सांगते. तो येतो उणे ०.२ पासून ३.४ तासांपर्यंत. म्हणजे त्याच्या हिशेबाप्रमाणे खरा फरक शून्य असू शकतो, दीड तास असू शकतो, तीन तासांहून जास्तही असू शकतो. ज्या हिशेबात तीन तासांचा फरकही बसतो, त्यावरून ‘फरक नाही’ कसे म्हणणार? ‘या विश्लेषणातून नक्की काही सांगता येत नाही’ एवढेच म्हणता येते. आणि खरेच नक्की सांगता येत नव्हते, कारण जोडीची माहिती फेकून दिली होती. ती वापरली की तोच अंतराल ०.७ ते २.५ तास असा आवळतो आणि शून्य त्याच्या बाहेर पडते.

या अंतरालाचा उपयोग दुसऱ्या बाजूच्या चुकीवरही होतो. पी-व्हॅल्यू ०.००२८ पाहून कोणी लिहितो, ‘फरक अतिशय मोठा आहे.’ पी-व्हॅल्यू फरकाचा आकार सांगत नाही. हजारो रुग्ण घेतले तर दोन मिनिटांच्या फरकालाही अशी इवलीशी पी-व्हॅल्यू मिळू शकते. आकार सांगतो तो दीड तास, आणि त्याच्या भोवतीचे ०.७ ते २.५. रुग्णाच्या दृष्टीने पाऊण तास जास्त झोप महत्त्वाची आहे का, हे डॉक्टरने ठरवायचे. ते टी-तक्ता ठरवू शकत नाही.

नवव्या रुग्णाचे काय

चांगल्या विद्यार्थ्याला एक शंका यायला हवी, आणि आली तर मी त्याचे वेगळे गुण देते. नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास आहे. बाकी कोणाचाही २.४ च्या वर नाही. सगळा निकाल या एका माणसाच्या जिवावर तर उभा नाही? टी-चाचणी फरकांचा आलेख साधारण घंटेच्या आकाराचा असल्याचे धरते, आणि असा एखादा दूरचा आकडा त्या गृहीतावर शंका उपस्थित करतो.

त्याला वगळून हिशेब केला तर सरासरी फरक १.५८ वरून १.२४ तासांवर येतो. मग टीसुद्धा कमी होईल असे वाटते. पण तो ४.०६ वरून ५.६६ वर चढतो! कारण तो आकडा सरासरी जितकी वाढवत होता, त्याहून जास्त प्रमाणात विखुरणे वाढवत होता, म्हणजे छेद फुगवत होता. सर्वांत मोठा फायदा दाखवणारा रुग्ण काढल्यावर पुरावा आणखी भक्कम दिसू लागतो. नवव्या रुग्णाला कायमचे वगळावे असा याचा अर्थ नाही. तो खरा माणूस आहे आणि त्याची नोंद खरी आहे. यातून समजते ते इतकेच, की निकाल त्याच्यावर अवलंबून नाही. चिन्ह चाचणीत त्याच्या ४.६ ला एका ‘अधिक’ चिन्हापेक्षा जास्त किंमत नव्हती आणि तिथेही पी-व्हॅल्यू ०.००३९ च आली होती. तीन वाटांनी गेलो आणि एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून इथे निश्चिंत राहता येते. वाटा वेगळ्या ठिकाणी गेल्या असत्या, तर कोणत्या वाटेवर विश्वास ठेवायचा आणि का, हे वहीत लिहावे लागले असते.

गुण कुठे द्यायचे

दहा गुणांच्या या प्रश्नाला मी चार गुण चाचणीच्या निवडीला आणि तिच्या कारणाला देते, दोन हिशेबाला आणि चार शेवटच्या निष्कर्षाला. मधला हिशेब संगणक करतो आणि बहुधा बरोबरच करतो. दोन्ही टोके माणसाच्या हातात आहेत, आणि चुका तिथेच होतात. ज्याने स्वतंत्र गटांची चाचणी लावली पण हिशेब चोख केला, त्याचे हिशेबाचे गुण मी कापत नाही. समासात लाल शाईने एवढेच लिहिते: ‘एकूण माणसे किती होती?’ बहुतेकांना तेवढे पुरते, आणि बाकीचे ती मुले स्वतःच दुरुस्त करतात. निष्कर्ष चुकला असेल तर लिहिते: ‘ही शक्यता कशाची? काय खरे धरून काढली?’ योग्य वाक्य आयते लिहून दिले तर विद्यार्थी ते पाठ करतो आणि पुढच्या प्रश्नात पुन्हा चुकतो, हा माझा अनुभव आहे.

पूर्ण गुण मिळवणारा निष्कर्ष साधारण असा असतो: ‘दहाही रुग्णांना दोन्ही औषधे दिली असल्यामुळे जोडीची टी-चाचणी वापरली. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप लागली. ९५ टक्के विश्वास अंतराल ०.७ ते २.५ तास, टी ४.०६, डिग्रीज ऑफ फ्रीडम ९, पी-व्हॅल्यू ०.००२८. औषधांत काहीच फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक हजारात सुमारे तीनदाच दिसला असता, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली. नवव्या रुग्णाची नोंद बाकीच्यांपेक्षा खूप मोठी आहे, पण ती वगळूनही निष्कर्ष बदलत नाही. हे दहाही जण एकाच मनोरुग्णालयातले होते. घरी राहणाऱ्या, इतर कोणताही आजार नसलेल्या माणसांना हाच फरक जाणवेल का, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य प्रश्नात कोणी विचारलेले नसते आणि ते कोणत्याही सूत्रातून येत नाही. जो विद्यार्थी ते आपणहून लिहितो, त्याला पी-व्हॅल्यू कुठे संपते हे कळलेले असते. त्याची पुढची वही तपासताना मी डिग्रीज ऑफ फ्रीडमची ओळ शोधत बसत नाही.